उत्तरं शेवटच्या स्लाइडवर

आमच्या शाळेच्या इन्स्टाग्राम पानावर हल्ली इतिहासाची कुठलीही स्लाइड चढली, की बोलणारा कोण ते तिथेच, त्याच्या शब्दांखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. हा नियम मुख्याध्यापकांनी काढला असेल असं सगळ्यांना वाटतं. नाही. तो प्रेमाने काढला. नाव लिहायचं नाही म्हणून जिने माझ्याशी आठवडाभर भांडण केलं होतं, त्याच प्रेमाने.

प्रेमा आमच्याकडे आठवीला इतिहास शिकवते. मी गणित आणि कॉम्प्युटर शिकवते, म्हणजे शाळेत कुणाचा प्रिंटर अडला की मला हाक मारतात. शाळा बोरिवलीत, प्रेमा मनोरीची. सकाळी खाडीची फेरीबोट पकडून मार्व्याला उतरायचं, तिथून बस, आणि तरी ही बाई माझ्याआधी स्टाफरूममध्ये हजर. मी बोरिवलीतच राहते आणि रोज धावत पोचते, त्यावरून ती मला इतकं चिडवते की ऐकून घेण्यावाचून इलाज नाही. अंगाने उंच, आवाज असा, की तिचा तास चालू असला की शेजारच्या वर्गातली माझी समीकरणं कुणाला ऐकू जात नाहीत. मी तिच्यावर वर्षानुवर्षं चिडत आले आहे आणि माझा डबा वर्षानुवर्षं तिच्यासमोरच उघडत आले आहे.

तिच्या शिकवण्याचा एक खेळ आहे. वर्गाकडे पाठ करून उभी राहते, पदर डोक्यावर घेते नाहीतर कमरेला खोचते, आणि कुणाच्या तरी तोंडचं बोलायला लागते. ‘तीन वर्षं पीक नाही, आणि हा म्हणतो सारा भर!’ मग गर्रकन वळते. ‘कोण बोलतंय?’ पोरं ओरडतात, शेतकरी! एकदा शिक्षण खात्याचे साहेब न सांगता वर्गात शिरले, तेव्हा ही बाई टेबलावर मूठ आपटून ‘तुमचं राज्य आता कंपनीचं!’ म्हणून गरजत होती. साहेब दारातूनच मागे फिरले. स्टाफरूममध्ये आम्ही ते दृश्य अजून एकमेकींना करून दाखवतो.

तिचं म्हणणं साधं. इतिहासाची कारणं पोरं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पण कारण म्हणजे कुणाचं तरी दुखणं, कुणाची तरी भीती. ते ज्याचं त्याच्या तोंडून ऐकलं, की विसरता येत नाही. आणि बोलणारा चांगला की वाईट, हे आधी सांगायचं नाही. ‘आधी ऐकायचं, मग ओळखायचं, मग ठरवायचं,’ असं ती म्हणायची.

तर अठराशे सत्तावनचा धडा आला, आणि संस्थेने फर्मान काढलं की प्रत्येक विषयाने पानावर काहीतरी टाकायचं. प्रेमा माझ्याकडे आली. ‘कल्पिता, ते एकामागे एक सरकवत जायचं असतं ना, तसलं करून दे. एका स्लाइडवर एक कारण.’

कॅरूसेल म्हणतात त्याला. मी बसून केलं, आणि झकास केलं, स्वतःचं कौतुक म्हणून नाही सांगत. पहिल्या पानावर ‘१८५७ : भडका का उडाला?’ मग आर्थिक कारण, सामाजिक, राजकीय, शिपायांचा असंतोष, आणि शेवटी तात्कालिक कारण म्हणून ती चरबी लावलेली काडतुसं. प्रत्येक स्लाइडवर वर बारीक अक्षरात कारणाचं नाव आणि मधोमध मोठ्या अक्षरात त्या काळच्या माणसाचं बोलणं. विणकर म्हणतो, विलायतेच्या स्वस्त कापडाने माझा माग थांबला. राजा म्हणतो, मी दत्तक घेतलेला मुलगा कंपनी मानत नाही, माझ्यामागे राज्य खालसा करणार. शिपाई म्हणतो, लढतो मी, पण मोठा हुद्दा गोऱ्यालाच.

आणि दुसऱ्या, म्हणजे सामाजिक कारणाची स्लाइड. तीवर लिहिलं होतं : ‘नवऱ्यामागे उरलेल्या बाईचं पुन्हा लग्न? असा कायदा करणारे हे कोण? आमच्या घरात, आमच्या रूढीत कुणी हात घालायचा नाही. आज हे चालवून घेतलं तर उद्या धर्म बुडेल.’

पाठ्यपुस्तकातही कारण हेच आहे. सतीबंदी, विधवाविवाहाचा कायदा, हे कायदे चांगलेच होते, पण त्या वेळच्या बऱ्याच लोकांना वाटलं की सरकार आपल्या धर्मात ढवळाढवळ करतंय. प्रेमाने तेवढंच त्या लोकांच्या तोंडी घातलं होतं.

‘खाली लिहूया गं, त्या काळचा एक सनातनी गृहस्थ म्हणून,’ मी म्हटलं.

‘मग ओळखायचं काय? नाव वाचलं की पोरं विचार करायची थांबतात. उत्तरं शेवटच्या स्लाइडवर.’

‘शेवटपर्यंत जाणार कोण?’

‘माझी पोरं जातात.’

तिच्या वर्गात जातात, हे खरं होतं. तासाला दार बंद असतं, घंटा होईपर्यंत कुणी उठत नाही. फोनला दार नसतं, हे तिला कोण सांगणार? मी सांगत होते, ती ऐकत नव्हती. शेवटी मी वैतागून म्हटलं, तुझं तू बघ. बोलणाऱ्याचं नाव कुठेच आलं नाही. शाळेचं नाव आणि बोधचिन्ह मात्र प्रत्येक स्लाइडवर आलं, कारण तो संस्थेचा नियम.

पोस्ट चढली, लाइक पडले, आम्ही विसरून गेलो. फक्त प्रेमा एकदा डबा खाताना म्हणाली, ‘प्रांजल बोलत नाही गं हल्ली.’ प्रांजल म्हणजे आठवीतली चुणचुणीत मुलगी. कोण बोलतंय, याचं उत्तर वर्गात सगळ्यांत आधी तिचं असायचं. ‘हात वर करत नाही. विचारलं तर खाली बघते.’ मी म्हटलं, वय आहे. गणितात ती आधीपासूनच खाली बघायची, त्यामुळे मला काही फरक जाणवला नव्हता.

मग एका दुपारी प्रांजलची आई स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. रोशनी तिचं नाव. चारकोपला सासरीच राहते. नवरा नितेश करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, तेव्हापासून एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते. एरवी हसतमुख बाई. त्या दिवशी तिचे ओठ पांढरे पडले होते.

‘टीचर, हे तुम्ही लिहिलंत?’ तिने फोन प्रेमापुढे धरला. ‘बाकी कुणी लिहिलं असतं तर मी विचारायलासुद्धा आले नसते. पण तुम्ही?’

फोनवर त्यांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेलं एक चित्र होतं. दुसऱ्या कारणाची स्लाइड. एवढीच. पुढे काही नाही, मागे काही नाही. सत्तावनचा आकडा पहिल्या पानावर राहिला, उत्तर शेवटच्या पानावर राहिलं, आणि मधे हे वाक्य आमच्या शाळेच्या बोधचिन्हासकट एकटंच चारकोपला पोचलं होतं. त्याखाली तिच्या मोठ्या दिरांनी, श्यामकांतनी, लिहिलं होतं : ‘प्रांजलच्या शाळेतसुद्धा हेच शिकवतात. आता तरी समजा.’

प्रेमाकडे बघवेना. तिने फोन हातात घेतला आणि तेच चित्र पुन्हा पुन्हा मोठं करून बघत राहिली.

रोशनी सांगत गेली. दुकानात चष्म्याच्या काचा घासून बसवणारा अनंता आहे, त्याचीही बायको आजारात गेलेली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. नोंदणी पद्धतीने, गाजावाजा न करता. सासूला, वनमालाबाईंना, तिने स्वतः सांगितलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. श्यामकांत नाही म्हणाले. महिनाभर वाद चालला आणि रोशनी जिंकत आली होती. मग हे चित्र आलं.

‘ते शाळेला फार मानतात,’ ती म्हणाली. ‘नितेश गेल्यापासून पालकसभेला तेच येतात. शाळेने सांगितलं पान फॉलो करा, त्यांनी केलं. आता रोज जेवताना प्रांजलसमोर वाचून दाखवतात. म्हणतात, तुला जायचं तर जा, पोर आमच्या घरची आहे, ती इथेच राहील. आणि सासूबाई काहीच बोलत नाहीत. टीचर, परवा प्रांजलने मला विचारलं, आई, तू गेलीस तर मला भेटायला येशील ना?’

तेवढं बोलून ती रडली. मला इतका संताप आला की हातातलं डस्टर मी टेबलावर आपटलं. ‘माणूस एवढा ढोंगी! पुढचं-मागचं कापून पाठवलं!’

पण कापलं नव्हतं. नंतर माझ्या लक्षात आलं आणि मी जास्तच हबकले. इन्स्टाग्रामची रीतच ती. पहिलं पान बघून माणूस न सरकवता पुढे गेला, तर तीच पोस्ट काही वेळाने त्याच्यापुढे पुन्हा येते, आणि तेव्हा थेट पुढची स्लाइड दाखवते. आमची पुढची स्लाइड विणकराची, ती एकदा सरकवली की हीच समोर. मनातलंच वाक्य सापडल्यावर पुढे सरकवायचं कशाला? त्यांनी चित्र उचललं आणि पाठवलं. खोटेपणा त्यात काहीच नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की शाळा आपल्या बाजूने बोलतेय.

‘मी आत्ता पोस्ट उडवते,’ मी म्हटलं.

‘नको,’ प्रेमा पहिल्यांदा बोलली. आवाज बसलेला. ‘उडवलीस तर त्यांच्याकडचं ते एकच चित्र उरेल. पुढची स्लाइड दाखवायला आपल्याकडे काही राहणार नाही.’ मग रोशनीला म्हणाली, ‘शनिवारी शाळा लवकर सुटते. मी घरी येऊ का तुमच्या?’

शनिवारी रिक्षात ती गप्प होती. मला गप्प बसवत नाही, म्हणून मी श्यामकांतना काय काय सुनवायचं याची तालीम करत होते. चारकोपच्या वळणावर ती एकदम म्हणाली, ‘माझ्या आईचा पाट लागलेला, माहीत आहे तुला?’

मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं डबा समोरासमोर, आणि मला माहीत नव्हतं.

‘पहिला नवरा होडीवरून पडून बुडाला. मग वर्षाने सासरच्यांनीच बोलणी करून तिचा पाट लावला, माझ्या बाबांशी. आमच्या कोळ्यांत पूर्वीपासून चालायचं ते. सगुणा नाव तिचं, मनोरीच्या बाजारात तिची जागा होती. तिथल्या कुणालाही विचार.’ ती बाहेर बघत राहिली. ‘तिला कुणी ते वाक्य वाचून दाखवलं असतं आणि तिने ऐकलं असतं, तर मी जन्मालाच आले नसते. आणि ते वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं, कल्पिता. चांगलं जमलं म्हणून खूशही झाले.’

मी तिचा हात धरला.

चारकोपचं ते बैठं घर. बाहेरच्या खोलीत नितेशचा फोटो, हार ताजा. श्यामकांत दारात आले, हात जोडले, खुर्च्या पुढे केल्या. मी राक्षस बघायला आले होते, आणि समोर एक थकलेला, सभ्य माणूस उभा होता. भावाच्या फोटोखालची जागा त्यांनी आम्हाला दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. माझी सगळी तालीम पाण्यात गेली.

‘बाई, बरं झालं आलात,’ ते म्हणाले. ‘तुम्हीच समजवा आता हिला. तुम्ही लिहिलेलंच मी सांगतोय.’

वनमालाबाई दिवाणावर बसल्या होत्या. त्या मालवणच्या बाजूच्या, इतकी वर्षं मुंबईत राहूनही बोली तीच. ‘बाई, माझो झील गेलो,’ त्या फोटोकडे बघत म्हणाल्या. मग नातीकडे हात केला. ‘आता ह्या चेडवाक पण घेवन जातली. मी कोणाच्या तोंडाकडे बघून दिवस काढू?’ प्रांजल त्यांच्या पायाशी बसून चादरीचा दोरा ओढत होती. रोशनी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

मला वाटलं प्रेमा आता समजावेल, माफी मागेल, कायदा सांगेल. तिने फक्त माझ्याकडे हात केला. मी पोस्ट उघडून फोन दिला.

‘दादा, हे एवढंच नाही,’ ती श्यामकांतना म्हणाली. ‘माझी चूक झाली, कोण बोलतंय ते मी खाली लिहिलं नाही. आमच्या वर्गात हा खेळ आहे, प्रांजलला येतो. मी वाचते, तुम्ही ओळखायचं. एकदा खेळा माझ्याबरोबर.’

ते कानकोंडे होऊन हसले. पण शाळेच्या बाईंना नाही कसं म्हणायचं?

प्रेमाने पहिलं कारण वाचलं. वर्गातल्यासारखं नाही, हळू. माझा माग थांबला. हातात कसब आहे, पण कापडाला गिऱ्हाईक नाही. पोरांना काय घालू?

‘कोण बोलतंय?’

‘गिरणी कामगार,’ श्यामकांत पटकन म्हणाले. ‘म्हणजे, तसलाच कुणीतरी.’

‘खंयचो तसलो!’ वनमालाबाईंचे डोळे भरून आले. त्यांचे यजमान गिरणीत होते. ‘ह्यां तर आमचे हेच बोलतत. गिरण बंद पडली तेव्हा ह्याच शब्द. ह्याच.’

प्रेमाने विणकर हे उत्तर सांगितलंच नाही. आजींकडे बघून मान डोलावली आणि पुढची स्लाइड सरकवली.

‘नवऱ्यामागे उरलेल्या बाईचं पुन्हा लग्न?’ तिने वाचायला सुरुवात केली. ‘आमच्या घरात, आमच्या रूढीत कुणी हात घालायचा नाही.’ वाचताना तिचा आवाज कापत होता. मला ठाऊक होतं का ते. शेवटपर्यंत वाचून तिने फोन मांडीवर ठेवला. ‘दादा, हे कोण बोलतंय?’

श्यामकांत गोंधळले. ‘म्हणजे, शाळा ना? तुम्ही?’

‘मी नाही. माझी आई विधवा होती. तिचं दुसरं लग्न झालं म्हणून मी आहे. मी हे कसं बोलेन?’

वनमालाबाईंनी झटकन मान वर केली. श्यामकांतचं तोंड उघडं राहिलं. ‘मग जुना असेल कुणीतरी,’ ते चाचरत म्हणाले. ‘त्या काळचा.’

प्रेमा काहीतरी बोलणार होती. उत्तर बरोबरच होतं, शेवटच्या स्लाइडवर तेच लिहिलं होतं. पण त्याआधी खालून आवाज आला.

‘नाही. मोठे काका बोलतायत.’

प्रांजलने हात वर केला होता. वर्गात करतात तसा, सरळ.

आजवर मी वर्गात पोरांची खूप उत्तरं ऐकली, पण असं अंगावर काटा आणणारं एकही नाही. रोशनीच्या हातातला काचेचा पेला खाली पडून फुटला. श्यामकांत उभे राहिले आणि त्यांचा हात वर गेला, खरंच गेला, आणि तसाच हवेत राहिला. पोर हलली नाही. तिचा हातही वरच होता. मग त्यांनी आपल्याच हाताकडे बघितलं, भावाच्या फोटोकडे बघितलं आणि स्टुलावर बसून घेतलं. प्रेमाच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

मग वनमालाबाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

‘आणि मी गो? मी खंय आसय ह्याच्यात?’

प्रांजल वळली. तिने फोन घेतला, एकेक स्लाइड सरकवत शेवटापर्यंत गेली, जशी प्रेमाची पोरं जातात. पुन्हा मागे आली. प्रामाणिकपणे शोधत होती.

‘तू कुठेच नाहीस आजी,’ ती म्हणाली. ‘तू काही बोललीच नाहीस ना.’

म्हातारीचा हात थांबला. ती नातीकडे बघत राहिली, मग दारात काचा गोळा करायला वाकलेल्या सुनेकडे.

‘रोशनी,’ ती म्हणाली, ‘त्या अनंताक उद्या जेवक बोलव.’